कोणाला घेता येणार नाही

डॉक्टरबाईंनी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा अगदी अलगद ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की काम नकोसं असणार. एरवी ही बाई फायली आपटते.

"ताई, हे माहितीपत्रक सोपं करून द्या," त्या म्हणाल्या. "आपल्या रुग्णांना कळेल असं."

आमचं ग्रामीण रुग्णालय. मी तिथल्या टीबी विभागात समुपदेशक आहे. म्हणजे दिवसभर लोकांना गोळ्या घ्या म्हणून सांगायचं, ज्यांनी सोडल्या त्यांना रागवायचं, आणि रुग्णाचं ताट वेगळं ठेवणाऱ्या नातेवाइकांना त्याहून जास्त रागवायचं. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. आहेच. गोड बोलून कोणी गोळ्या घेतल्या असत्या तर मीही गोड झाले असते.

गठ्ठा उघडला. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर एक संशोधन सुरू होणार होतं. काही रुग्णांना नव्या गोळ्यांचा उपचार द्यायचा, काहींना आत्ताचाच, आणि कोणता बरा ठरतो ते बघायचं. त्यात येण्याआधी प्रत्येकाला सगळं सांगायला हवं: कशासाठी, काय काय करणार, धोका काय, नाही म्हटलं तर काय. समजलं आणि पटलं तरच सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याच्या वेळी संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर हवा. हे सगळं ज्या कागदावर, त्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'सदर यादृच्छिकीकृत चिकित्सालयीन चाचणीमध्ये स्वेच्छेने सहभागी होण्याकरिता आपणांस आमंत्रित करण्यात येत आहे.'

"हे कोणी लिहिलंय?" मी विचारलं. "त्याला बोलवा, त्याला आधी तपासू."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि शेवटून तिसरं पान काढून माझ्यापुढे धरलं. तिथं कोणाला या संशोधनात घेता येणार नाही त्याची यादी होती. गरोदर बाया. यकृत फार बिघडलेले. आणि ज्यांच्या ईसीजीच्या पट्टीत ठोक्यानंतरचं अंतर एका मर्यादेपलीकडे लांबलंय ते. नव्या गोळ्यांपैकी एक ते अंतर आणखी लांबवते, आणि मग हृदय एकाएकी वेडंवाकडं धडधडून थांबू शकतं.

माझ्या बहिणीची पट्टी तशी होती. त्यापायीच तिची एक गोळी बंद केली होती.

"पुन्हा काढू," मी म्हणाले.

"काढली की. रक्तातले क्षार भरून काढले आणि परत काढली. लांबच आहे. मी वर विचारूनही बघितलं, ताई. सूट नाही देणार. द्यायलाही नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिला मी सांगू का?"

"नको. माझी बहीण आहे. मी सांगते."

असं मोठ्या तोऱ्यात बोलले मी.

*

धाकटीला टीबी झाला तेव्हा तिची मुलगी पाळण्यात होती. पहिला उपचार तिने पूर्ण केला, एक दिवस न चुकता, मी स्वतः डोक्यावर उभी होते. तरी तो परत आला, आणि आला तो औषधांना न जुमानणारा होऊन. मग इंजेक्शनं झाली, त्यात डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं. मग दुसऱ्या गोळ्या, मग हृदयाची पट्टी. बेडक्यात जंतू सापडायचे काही थांबेनात. तोवर मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आणि आता शाळेत जायला लागली. ती राहते बापाकडे, आजीजवळ. धाकटी आईकडे, मागच्या खोलीत. त्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत म्हणून मीच ती ठरवली होती. वारा खेळायला हवा.

तिचा नवरा टेम्पो चालवतो. चांगला माणूस आहे, त्याला नावं ठेवायची मला फार इच्छा होती पण त्याने संधीच दिली नाही. सुट्टीच्या दिवशी तो मुलीला टेम्पोतून घेऊन यायचा. ती अंगणात पायरीच्या अलीकडे उभी राहायची आणि धाकटी मास्क लावून ओट्यावर बसायची. दोघींच्या गप्पा व्हायच्या. मुलगी जाताना कधी विसरून पायरी चढायला लागली की आई, धाकटी आणि तिचा नवरा अशी तिघंही एकदम तिला थांबवायची. 

धाकटीला एकच हवं होतं. लेकीला कुशीत घेऊन झोपायचं. हे ती रडून सांगायची नाही. "ती लाथा मारते का गं झोपेत?" असं नवऱ्याला विचारायची, आणि तो सांगायचा, मारते, फार मारते. हिचा चेहरा उजळायचा.

*

अशा कागदाची तपासणी करायची एक रीत आहे. मसुदा झाला की काही रुग्णांना एकेक भाग वाचून दाखवायचा. मग कागद उपडा ठेवायचा आणि म्हणायचं, आता तुमच्या शब्दांत सांगा. त्यांना सांगता आलं नाही तर नापास कागद, रुग्ण नाही. मग तो भाग परत लिहायचा. हे रुग्ण कोण असावेत याची नावं डॉक्टरबाईंनीच काढली, आणि त्यात धाकटीचं नाव होतं. "बोलकी आहे, आणि इतके उपचार घेतलेली दुसरी कोणी नाही," त्या म्हणाल्या. "फक्त प्रत्यक्ष संमतीच्या वेळी नातेवाईक नको. तपासायला चालेल."

"पण तिला घेताच येणार नाही, तर..."

"म्हणून तर म्हणते, आधी सांगा तिला."

मी मान डोलावली आणि घरी आले. मास्क लावला, मागच्या खोलीत गेले, खिडकीशी खुर्ची घेतली. धाकटी उशीला टेकून बसली होती. सांगायचंच होतं मला. पण तिने कागद बघितला आणि म्हणाली, "नवीन औषधाचं ना हे? आईने सांगितलं, तुमच्याकडे नवीन औषध येतंय."

आईला कोणी सांगितलं देव जाणे. आमच्याकडे बातमीला पाय नाहीत, चाकं आहेत.

"कागद आहे फक्त," मी म्हणाले. "मला मदत कर. वाचून दाखवते, तू परत सांगायचं."

"कर सुरू," ती म्हणाली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

 मी यादीचं ते पान गठ्ठ्याच्या तळाशी सारलं. ठरवलं, क्रमाने जाऊ. त्या पानाची पाळी येईल तेव्हा सांगू.

"'तुम्हाला एका अभ्यासात भाग घेण्यासाठी...'"

"अभ्यास?" धाकटी म्हणाली. "मला परत शाळेत घालताय? आधीच चौथीत दोनदा बसवलंय मला."

"मग काय लिहू, शहाणे?"

"दोन औषधांत कोणतं चांगलं ते शोधायचं काम. तेवढंच आहे ना? मग तेवढंच लिही."

तेवढंच लिहिलं. पुढं 'थुंकीचा नमुना' होता. त्यावर ती तापली. थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, लोक तोंडातली लाळ डबीत टाकतील आणि तुम्ही म्हणाल जंतू नाहीत. 'सकाळी उठल्यावर खोल खोकून छातीतून काढलेला बेडका' असं लिही. मी हे रोज रुग्णांना तोंडी सांगते, आणि लिहायला बसले तर थुंकी लिहिली. कागद हातात आला की माणसाला काय होतं कोण जाणे.

'गोपनीयता' वर ती म्हणाली, "मोटार पाठवाल ना घरी? तिच्यावर फुफ्फुसाचं चित्र असेल तर कसली आलीय गोपनीयता." हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी बिनचित्राची गाडी ठरवली आणि कागदात तसं लिहायलाही सांगितलं. 'संशोधन चालू असताना दिवस जाऊ नयेत म्हणून काळजी घ्यावी लागेल' यावर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. तिची पाठ म्हणजे नुसत्या बरगड्या होत्या.

"टेम्पो अंगणात, मी ओट्यावर," ती दम खात म्हणाली. "काळजी कसली, बाई, आमची काळजी आपोआपच घेतली जाते."

संध्याकाळी डाळभात न जेवता तशीच झोपली. आई म्हणाली, आज पोरगी किती दिवसांनी हसली. मी ताटावरून उठले.

*

सगळ्यात अवघड भाग होता निवडीचा. कोणाला नव्या गोळ्या आणि कोणाला आत्ताच्या, हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. संगणक ठरवतो, कसलाही विचार न करता, चिठ्ठी उचलावी तसा. नाहीतर डॉक्टर आपल्या लाडक्या रुग्णाला नवं देतील, किंवा फार आजारी असलेल्यांनाच नवं देतील, आणि मग औषधाचा गुण कोणता आणि माणसाचा कोणता ते कळणारच नाही.

मी वाचलं, कागद उपडा केला. "सांग."

"मला नवीन गोळ्या मिळतील," धाकटी म्हणाली.

"परत वाचते." वाचलं. "सांग."

"चिठ्ठी टाकणार. त्यात मला नवीन गोळ्या मिळतील."

"निम्म्या लोकांना मिळतील. निम्म्यांना नाही. तुला कळत नाहीये की कळून घ्यायचं नाहीये?"

"कळतंय गं ताई. चौथीत दोनदा बसले म्हणून इतकी पण ढ नाही. निम्म्यांना मिळतील. मी त्या निम्म्यांत आहे." आणि माझ्याकडे बघून अगदी सरळ म्हणाली, "मला असं म्हणू दे ना."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी वहीत लिहिलं असतं, 'हा भाग समजला नाही, पुन्हा लिहावा.' औषधाची आशा एकदा धरली की माणूस चिठ्ठी ऐकतच नाही. याच्यासाठीच तर सारखं विचारायचं असतं. तिच्याबाबतीत मी काही लिहिलं नाही. त्या भागात फक्त एक वाक्य घातलं: 'तुम्हाला नवीन गोळ्या मिळतीलच असं नाही, आणि मिळाल्या तरी त्या जुन्यांपेक्षा चांगल्या आहेत की नाहीत हे आम्हालाही अजून माहीत नाही.' दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं आहे ते. राहू दे. पण ऐकायला बरं नाही वाटत."

त्या आठवड्यात तिने आईकडून दोन अंडी जास्त मागून घेतली. वजन कमी असेल तर घेत नाहीत असं तिला कुठूनसं वाटत होतं. खाववत नव्हतं, तरी घास पाण्याबरोबर ढकलायची. टेम्पोवाला आला तेव्हा त्याला म्हणाली, "गादी मोठी घे. तिघांची." तो म्हणाला, घेतो. माझ्याकडे बघितलं त्याने. मी अंगणातली बादली उचलली आणि नळाकडे गेले, भरलेली होती तरी.

डॉक्टरबाई रोज विचारायच्या. रोज मी म्हणायचे, आज सांगते. एक दिवस त्या चिडल्या. "तिला माझ्याकडे आणा, मी सांगते. हे बरोबर नाही, ताई. बाकीच्यांना आपण शिकवतो, काही लपवायचं नाही, आणि घरात..."

"आज सांगते," मी म्हणाले.

*

सगळे भाग झाले होते. धोके झाले, फायदे झाले, 'कधीही सोडून जाता येईल, कोणी रागावणार नाही, आणि तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील' हेही झालं. ते तर तिने एका दमात परत सांगितलं. तळाचं पान उरलं.

मी खुर्चीवर बसलेच नाही. खांद्याला पिशवी तशीच, बस पकडायची होती असं स्वतःला सांगत, दारात उभी राहून मी ते वाचलं. भरभर वाचलं. "'कोणाला घेता येणार नाही. गरोदर स्त्रिया. ज्यांचं यकृत खूप बिघडलेलं आहे असे रुग्ण. ज्यांच्या हृदयाच्या पट्टीत ठोक्यानंतरचं अंतर खूप लांबलेलं आहे असे रुग्ण, कारण नव्या गोळ्यांनी त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. ज्यांना घेता येणार नाही त्यांचे आत्ताचे उपचार चालूच राहतील.'" कागद उपडा करायला तिथं काही नव्हतं, म्हणून छातीशी धरला. "सांग," मी म्हणाले.

धाकटी खिडकीतून बाहेर बघत होती. आई मागच्या दोरीवर चादर वाळत घालत होती.

"गरोदर असेल तर नाही," ती म्हणाली. "ते मला लागू नाही. यकृत बिघडलं असेल तर नाही. माझं बरं आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या." मग तिने मान माझ्याकडे वळवली. "आणि पट्टी लांब असेल तर नाही. म्हणजे मी नाही."

 इतकी वर्षं हजारदा सांगितलंय लोकांना, गप्प राहू नका, बोला, आधार द्या. मी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"हं," ती म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. "अंडी खायला लावलीस मला. मला नाही आवडत अंडी."

"मी कुठं लावली, तूच..."

"माहीत आहे गं." ती थोडी हसली. "कागद आण इकडे."

मी पुढे जाऊन दिला. ती पान डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचत गेली, बोट फिरवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"'आत्ताचे उपचार चालूच राहतील.' हे बरोबर आहे, पण हे कोणी ऐकणार नाही, ताई. वरची ओळ ऐकल्यावर कान बंद होतात. माझा एक आधीच बंद आहे." तिने कागद मांडीवर ठेवला. "याच्याखाली एक लिही. लिहून घेतेस ना?"

मी पेन काढलं.

"'तुम्हाला घेता आलं नाही, तर ते का, हे आमच्यापैकी कोणीतरी तुमच्याजवळ बसून सांगेल. उभ्या उभ्या सांगणार नाही.'"

मी तिथंच खाली बसले, जमिनीवर, पिशवीसकट. तिच्या खाटेच्या कडेला डोकं टेकवलं. तिने माझ्या केसांत हात घातला, लहानपणी मी तिच्या घालायची तसा, उवा शोधत असल्यासारखा. "लिहिलंस का?" तिने विचारलं. "लिहिलं," मी म्हणाले. लिहिलं नव्हतं. अक्षर दिसत नव्हतं मला. मागून लिहिलं.

*

नीतिशास्त्र समिती म्हणजे असा कागद रुग्णाला फसवत नाही ना, हे बघणारे लोक. त्यांच्यात डॉक्टर असतात, एक वकील असतो, आणि रुग्णालयाबाहेरची साधी माणसंही असतात. आमच्या कागदाचं त्यांनी कौतुक केलं. सोपा आहे, काही वगळलेलं नाही, परत मूळ इंग्रजीत करून बघितला तरी अर्थ तोच निघतो. फक्त वकिलाला ते एक वाक्य खटकलं.

"'जवळ बसून' हे कसं सिद्ध करणार?" तो म्हणाला. "कागदात दिलेलं वचन पाळावं लागतं. कर्मचारी उभा राहिला तर उल्लंघन होईल. 'कर्मचारी आपणांस समजावून सांगतील' असं करा."

माझं डोकं सटकलंच होतं. पण माझ्या आधी डॉक्टरबाई बोलल्या. "उभं राहिलं तर उल्लंघन व्हावं, म्हणूनच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खुर्ची मी देते प्रत्येक खोलीत."

समितीतली एक शाळामास्तरीण म्हणाली, राहू दे, हे एकच वाक्य मला घरी गेल्यावर आठवेल. वाक्य राहिलं.

हे धाकटीला सांगायला मी धावत घरी गेले. तिला बोलताना दम लागत होता तोवर. ऐकून म्हणाली, "वकिलाला खुर्ची दिली होती का?" तिचा हा शेवटचा विनोद. म्हणजे नंतरही केले असतील, पण नंतर मला ऐकू येईल इतका आवाज तिला नव्हता.

संशोधनाची पहिली सही झाली त्याच आठवड्यात धाकटी गेली. सकाळची वेळ होती, दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. टेम्पोवाला मुलीला घेऊन आला. पायरीपाशी येऊन ती थांबली, शिकवल्यासारखी, आणि वर आमच्याकडे बघत उभी राहिली.  मग तिच्या बापाने तिला मास्क लावला, उचलली आणि आत नेली. मला ते बघवलं नाही. मी मागे जाऊन दोरीवरच्या चादरी काढत बसले. चांगल्या वाळल्या होत्या.

*

मी रजा घेतली नाही. घेऊन काय करणार होते? आईजवळ बसले की आई रडायची, आई नसली की मी. कामावर निदान कोणाला तरी रागवता यायचं.

एक गवंडी होता. पन्नाशीचा, हाताला सिमेंटच्या भेगा. कागद वाचायला वेळ लागतो म्हणाला, म्हणून मी वाचून दाखवला, सगळा, भाग भाग करून. त्याने नीट परत सांगितलं. चिठ्ठीचं सांगताना म्हणाला, "मिळेल किंवा नाही मिळणार, तुमच्याही हातात नाही." सही केली. मग रक्त झालं, ईसीजी झाला, आणि दोन दिवसांनी निकाल माझ्या हातात आला. पट्टी लांब होती. क्षार भरून परत काढली, तीही लांब.

तो बाहेरच्या बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. आजूबाजूला मोकळं होतं, वारा होता. मी मास्क लावून बाहेर गेले. निकालाचा कागद हातात होता आणि माझे पाय खांबापाशीच थांबले.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या हृदयाच्या पट्टीत थोडं... तुम्हाला या संशोधनात घेता येणार नाही. काळजी करू नका, आत्ताचे उपचार चालूच राहतील." भरभर म्हणाले. डोळे त्याच्या टोपीवर. आत दुसरे रुग्ण थांबलेत, असंही म्हणणार होते.

त्याने टोपी उचलली आणि बाजूला ठेवली. बाकावर जागा केली.

"ताई," तो म्हणाला, "उभ्या उभ्या सांगणार नाही, असं लिहिलंय तुमच्या कागदात."

रागाने नाही म्हणाला. भिंत वाकडी चाललीय हे गवंड्याने सांगावं, तेवढंच म्हणाला.

मी बसले.   मास्कच्या आत पाणी झिरपत होतं, आणि तो समोर बघत थांबून राहिला, घाई न करता. मग मी त्याला सुरुवातीपासून सांगितलं. हृदयाची पट्टी म्हणजे काय, ते अंतर म्हणजे काय, नव्या गोळीने ते कसं लांबतं, आणि त्याला ती गोळी दिली तर काय होऊ शकतं. आत्ता त्याच्यासाठी काय चालू आहे, आणि त्याचा किती भरवसा आहे, तेही सांगितलं. वाढवून सांगितलं नाही. कमीही केलं नाही.

"आता तुमच्या शब्दांत सांगा," मी म्हणाले.

"मी नाही त्यात," तो म्हणाला. "दिली तर मारून टाकेल, म्हणून देत नाही. माझ्याकडून काही चुकलं म्हणून नाही."

"नाही, काका. काही चुकलं नाही."

तो मान हलवत बसला. मी उठायला लागले तशी त्याने बाकावर हात टेकवला, माझ्या हाताच्या शेजारी, न लावता.

"अजून थोडं बसा," तो म्हणाला. "ते कागदात नाही लिहिलेलं. पण बसा."

मी बसले. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ते वाक्य कोणी घातलं.

"माझ्या धाकट्या बहिणीने," मी म्हणाले. "तिलाही घेता आलं नाही."